खांब कुठेत?

जुलैच्या पानावरचा फोटो मला सगळ्यात जास्त आवडला होता, आणि घोळ नेमका त्याच पानावर निघाला. जगातल्या पारंपरिक घरांवरचं एक कॅलेंडर होतं, बारा महिने बारा घरं, आणि माझं काम फक्त फोटो ओळखून खाली एक ओळ कॅप्शन लिहायचं. फोटोग्राफरने ज्या फोल्डरमध्ये फोटो पाठवले होते त्याचं नावच 'मंगोलिया, जुलै' होतं, फोटोत गोल तंबूचं आतलं दृश्य होतं, एक बाई चहा ओततेय, मागे एक आजी बसलीय, तिच्या मांडीला टेकून एक पोरगं, आणि वरच्या गोल झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा. यात विचार कसला करायचा? मी लिहून टाकलं, 'मंगोल कुटुंबाचं गेर, मंगोलिया'. मार्चच्या पानावर अशाच एका तंबूचा आतला फोटो होता, त्यालाही जवळपास तेच कॅप्शन होतं, तिथे 'हिवाळ्यातलं' एवढा एक शब्द जास्त.

प्रूफ बघायला एक काका येतात. त्यांना या विषयातलं काहीही येत नाही हे ते स्वतःच सांगतात, ते फक्त शब्द आणि चित्रं जुळतात का ते बघतात. त्यांनी मार्च आणि जुलै शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अगं, या दोन्हीला नाव एकच दिलंयस, पण मार्चच्या घरात मधोमध दोन खांब आहेत. जुलैत खांब कुठेत?" मी म्हटलं, काका, फ्रेममध्ये आले नसतील. ते म्हणाले, "वरचं कडं पूर्ण दिसतंय, खालची चूल दिसतेय, मधले खांब तेवढे कसे येणार नाहीत?"

खरंच नव्हते.

मला आधी थोडा राग आला हे कबूल करते. आपण तासन्‌तास वाचलेलं असतं, आणि एखादा माणूस नुसतं मोजून आपल्याला पकडतो. पण रात्री घरी येऊन तो फोटो मोठा करून बघत बसले आणि मग लक्षात आलं की मी त्या फोटोत माणसं पाहिली होती, चहा पाहिला होता, प्रकाश पाहिला होता, पण घर पाहिलंच नव्हतं. घर म्हणजे मला गोल तंबू, बास. आणि गोल तंबू म्हणजे मंगोलिया, ही गाठ डोक्यात कधी बसली कोण जाणे.

अशा गोल तंबूंना सरसकट युर्त म्हणतात, आणि हा शब्दच मुळात सगळं एका गाठोड्यात बांधून टाकतो. तो तुर्की कुळातल्या भाषांमधून रशियनमार्गे जगभर गेला. ज्यांची ही घरं आहेत ती माणसं त्याला वेगवेगळी नावं देतात, मंगोल 'गेर' म्हणतात म्हणजे सरळ घरच, कझाक 'कीझ उय' म्हणतात म्हणजे नमद्याचं, लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं घर, किरगिझ 'बोझ उय' म्हणतात म्हणजे करडं घर. लांबून तिन्ही सारखीच, लाकडी जाळीची गोल भिंत, वर वाशांचं छप्पर, शेंड्याला एक कडं, आणि या सगळ्यावर लोकरीचा नमदा गुंडाळलेला. पण वासे बघायला लागलं की दोन वेगळी घराणी दिसतात, आणि एकदा दिसली की मग न दिसणं शक्यच नाही, एखाद्याच्या आवाजातला हेल एकदा कानाला कळला की पुढे कायम ऐकू येतो ना, तसं.

मंगोल गेरचे वासे सरळ असतात. खालचं टोक जाळीच्या वरच्या काठाला दोरीच्या फासाने अडकवतात आणि वरचं टोक कड्याच्या भोकात बसवतात. सरळ काठ्या असल्यामुळे छप्पर बसकं, पसरट शंकूसारखं होतं, उघड्या माळावरच्या वाऱ्याला ते बरंच. पण कडं जाड आणि जड असतं, आणि इतक्या पसरट छपरावर ते नुसत्या वाशांच्या भरवशावर ठेवलं तर दबायचं, म्हणून खालून दोन खांबांचा टेकू देतात. या खांबांना तिथे मान आहे, दोन खांबांच्या मधून जायचं नाही, मधून वस्तू द्यायची-घ्यायची नाही असं पाळतात. काकांनी मार्चच्या पानावर पाहिलेले खांब ते हेच, नारिंगी रंगवलेले, वर बारीक नक्षी.

कझाक आणि किरगिझ घरात वासा सरळ नसतो. तो खालच्या टोकाशी वाफवून वाकवलेला असतो, हॉकी स्टिकसारखा म्हणा हवं तर, आणि ते वाकलेलं टोक जाळीला बांधतात. आपल्याकडे घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे वासे मुद्दाम वाकवलेत आणि घर त्यांच्यावरच उभं आहे. त्या बाकामुळे भार कमानीसारखा घरंगळत भिंतीत उतरतो, भिंत बाहेर फाकायला बघते, आणि तिला फाकू न देण्यासाठी सगळ्या घराला बाहेरून रुंद विणलेले पट्टे आवळलेले असतात. कडंही हलकं. मग मधल्या टेकूची गरज उरत नाही आणि चुलीभोवतीची जागा मोकळी राहते.

हे कळल्यावर बाहेरून काढलेला फोटोही बोलायला लागतो, आणि फोटो बहुतेक वेळा बाहेरूनच काढलेले असतात, आत शिरायला ओळख लागते. भिंत संपून छप्पर सुरू होतं ती जागा बघायची, तिला मी घराचा खांदा म्हणते. मंगोल गेरचा खांदा धारदार असतो, भिंत उभी वर येते आणि एकदम मोडून छप्पर सुरू होतं, वर पांढरं सुती कापड ताणलेलं, त्यामुळे ती कड आणखी ठळक. कझाक-किरगिझ घराचा खांदा गोलसर उतरतो कारण आत वासा तिथेच वाकलेला आहे, आणि एकूण घर उंच, घुमटासारखं वाटतं. फोटो धूसर असला, लांबून घेतलेला असला, रंग उडालेला असला तरी खांदा टिकतो. हीच खूण मला आता सगळ्यात भरवशाची वाटते.

दुसरी खूण कड्याची. मंगोल कडं बरेचदा चाकासारखं असतं, मधून आरे निघालेले. कझाक-किरगिझ कड्यात एकमेकांना छेद देणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या असतात, वर फुगीर आलेल्या. हे लक्षात ठेवायला सोपी युक्ती म्हणजे किरगिझस्तानचा झेंडा, १९९२ साली स्वीकारला तो, लाल कापडावर सूर्य आणि त्या सूर्याच्या पोटात तीन-तीन रेघांच्या दोन जुड्या एकमेकींना छेदतायत. पूर्वी मला ते चेंडूसारखं काहीतरी वाटायचं. तो म्हणजे घरात उताणं पडून वर पाहिल्यावर दिसणारा छताचा शेंडा आहे. कझाकस्तानच्या राजचिन्हाच्या मध्यभागीसुद्धा हेच कडं, तेही १९९२ चंच. दोन देश नवे झाले तेव्हा दोघांनीही छताकडे बोट दाखवलं याची मला फार गंमत वाटते. युनेस्कोच्या यादीतही ही दोन घराणी वेगवेगळीच आली, मंगोल गेर २०१३ साली आणि किरगिझ-कझाक युर्त एकत्र २०१४ साली.

तर जुलैचा फोटो. झूम करत गेले. कड्याखाली खांब नाहीत, हे काकांचं बरोबरच. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही कारण लहानसं मंगोल गेर असेल तर तेही बिनखांबाचं उभं राहतं, म्हणून आधी घर किती मोठं आहे ते पाहिलं. बाई आणि आजी यांच्यात सहज तीन माणसं बसतील इतकी जागा होती, पलीकडे पलंग, पेटी, आणखी एक पलंग, म्हणजे घर लहान नव्हतं. मग कडं पाहिलं, आरे नाहीत, एकमेकांना छेदणाऱ्या वाकड्या पट्ट्या. मग वासे. आजीच्या डोक्यामागे एका ठिकाणी भिंतीवरचा पडदा सरकला होता आणि तिथे लाल रंगवलेला वासा जाळीला भेटत होता, आणि भेटण्याआधी स्वच्छ वाकला होता. पडदा म्हणते तो म्हणजे भरतकाम केलेलं भिंतीवरचं कापड, मोठी मोठी गोलं, त्यात शिंगांसारखी वेटोळी, काळ्या जमिनीवर लाल-पिवळा दोरा. असं भरलेलं कापड पलंगामागे भिंतीला लावणं ही कझाक घरांची ठळक ओळख. किरगिझ घर असतं तर जाळी आणि नमदा यांच्यामध्ये चियची चटई दिसण्याची शक्यता जास्त होती, एका उंच गवताच्या काड्यांची, एकेक काडीला रंगीत लोकर गुंडाळून नक्षी उठवतात ती. तशी काही दिसली नाही.

म्हणजे घर कझाक.

मग माझी दुसरी चूक व्हायची वेळ आली. मी कॅप्शन खोडून 'कझाकस्तान' लिहिलं. फोल्डरचं नाव चुकलं असेल, फोटोग्राफरने दोन ट्रिपांचे फोटो मिसळले असतील अशी समजूतही करून घेतली. लिहून झाल्यावर काहीतरी टोचत राहिलं, कारण फोल्डरमधले बाकीचे फोटो सलग होते, तेच डोंगर, तीच जीप, त्याच नदीकाठी. नकाशा उघडला. मंगोलियाच्या पार पश्चिम टोकाला अल्ताय डोंगरात बायान-ओल्गी नावाचा प्रांत आहे, आणि तिथे बहुसंख्य लोक कझाक आहेत, मंगोल नाहीत. १९४० साली तो प्रांत त्यांच्यासाठीच वेगळा काढला. सोनेरी गरुड हातावर घेऊन घोड्यावर बसलेल्या शिकाऱ्यांचे जे फोटो 'मंगोलिया' म्हणून सगळीकडे फिरतात ती माणसं बहुतेक तिथलीच कझाक. म्हणजे फोल्डर बरोबर होतं. काकाही बरोबर होते. देश मंगोलिया, घर कझाक, आणि मी आधी देशावरून माणसं ठरवली आणि मग माणसांवरून देश ठरवायला निघाले होते.

हे फोटो ओळखण्यातलं सगळ्यात मोठं भोक आहे आणि मी त्यात दोन दिवसांत दोन बाजूंनी पडले. घर सांगतं ते समाजाबद्दल, सरहद्दीबद्दल नाही. वाकलेला वासा दिसला तर हे लोक कोणाकडून घर बांधायला शिकले ते कळतं, पण ते कुठल्या पासपोर्टवर राहतात ते वाशाला माहीत नसतं. अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्याच्या टोकाला, पामीरच्या उंच पठारावर किरगिझ लोक राहतात, त्यांच्या घराचा फोटो नुसता घरावरून ओळखला तर कोणीही किरगिझस्तान म्हणेल. म्हणून देशासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागतं, गाडीची नंबरप्लेट, पोत्यावरची लिपी, डोंगराची रांग. आणि घर तर चक्क उचलून नेता येण्यासारखंच बनवलेलं. पर्यटकांच्या कॅम्पमध्ये ते कुठल्याही खंडात उभं असतं, तिथे मात्र जाळीच्या सांध्यांवर चामड्याच्या गाठींऐवजी नट-बोल्ट दिसतात, आणि कड्यावर नमद्याच्या झडपेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा घुमट, तेवढं दिसलं की मी पुढे अंदाजच करत नाही.

आणखी एक. बायान-ओल्गीतले कझाक या घरात उन्हाळ्यापुरतेच राहतात, थंडीत मातीच्या विटांच्या किंवा लाकडाच्या चौकोनी पक्क्या घरात जातात. म्हणजे हाच फोटोग्राफर जानेवारीत गेला असता तर याच आजीचा, याच पोराचा फोटो सपाट छपराच्या चौकोनी घरात आला असता आणि मी त्याखाली काय लिहिलं असतं देव जाणे.

अशी फजिती पहिली नव्हती. काही वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांच्या वस्तीचा एक फोटो आला होता, खांबांवर उभी घरं, छपराची दोन्ही टोकं होडीसारखी वर उचललेली, आणि अशा घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मधे अंगण. मी आधी तर सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांची घरं म्हणून टाकणार होते, छपराची टोकं वर गेलेली दिसली की सगळं एकच वाटतं. पण मिनांगकाबाऊ घराचं छप्पर एकापुढे एक अशा अणकुचीदार शिंगांनी वर जातं, तोराजाचं मात्र एकच सलग पाठ असलेलं, मधे खोलगट, होडीच आकाशात ठेवल्यासारखं. एवढं मला वेळेत कळलं. चूक पुढे झाली. मी लिहिलं 'घरांच्या दोन रांगा'. छापून आल्यावर एका वाचकाने कळवलं की बाई, यातली एकच रांग घरांची आहे, समोरची रांग भाताच्या कोठारांची. पुन्हा फोटो पाहिला. छप्पर तेच, नक्षी तीच, तांबडा-काळा-पिवळा रंग तोच, फक्त कोठारं जरा लहान. पण खालचे खांब! घराखालचे खांब चौकोनी तासलेले आणि खूप, एकमेकांत आडव्या दांड्या घातलेल्या. कोठाराखाली गोल, गुळगुळीत, ताडाच्या जातीच्या झाडाचे थोडेसेच बुंधे. कशासाठी, तर उंदरांना चढता येऊ नये म्हणून. घरं उत्तरेकडे तोंड करून असतात आणि कोठारं त्यांच्याकडे. घराच्या दर्शनी खांबावर म्हशींची शिंगं एकावर एक लावलेली होती, त्या घराने केलेल्या विधींमधल्या म्हशींची. मी ती शिंगं डेकोरेशन समजले होते, आणि कोठारं शेजाऱ्यांची घरं.

एखाद्या कुटुंबाच्या धान्याच्या कोठारात मी पाच-सहा कुटुंबं राहायला घातली होती.

आणि याच्या अगदी उलटी चूक बोर्निओतल्या इबान लोकांच्या लांबघराच्या फोटोत होते. तिथे फोटोत एकच इमारत दिसते, लांबच लांब, खांबांवर, आणि हात आपोआप 'एक घर' असं लिहायला जातो. आतला फोटो असेल तर एका बाजूला सगळ्यांची मिळून एक लांब ओसरी दिसते, चटया अंथरलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीत ओळीने दारं. ती दारं मोजायची. एक दार म्हणजे एक कुटुंब, त्यांची स्वतःची खोली त्या दारामागे. तिथे घर किती मोठं हे विचारताना दारं किती असंच विचारतात. वीस दारं असली तर तुम्ही जे 'घर' लिहिलंत ते गाव आहे. तोराजाकडे मी एका कुटुंबाची वस्ती केली, इथे माणसं वस्तीचं एक कुटुंब करतात. दोन्हीकडे इमारती बरोबर मोजूनही माणसं चुकतातच.

जुलैचं कॅप्शन मी शेवटी असं लिहिलं, 'कझाक कुटुंबाचं उन्हाळी घर, बायान-ओल्गी, पश्चिम मंगोलिया'. फोटोग्राफरला विचारून खात्री केली, तो म्हणाला हो, आणि वर म्हणाला मी सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं, पण मीही विचारलं नव्हतं. काकांना दाखवलं तर त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि परत फोटोवर पेन ठेवलं. "हा उन्हाचा तुकडा आजीच्या बाजूला पडलाय. मार्चमध्ये डावीकडे आहे, इथे उजवीकडे. असं का?"

दोन्ही फोटो दारात उभं राहून, आत तोंड करून काढलेले होते, म्हणजे प्रश्न रास्त होता. मंगोल गेरचं दार दक्षिणेला असतं, हा तिथला पक्का रिवाज. दारातून आत बघताना आपलं तोंड उत्तरेला. सकाळी सूर्य पूर्वेकडून येतो आणि वरच्या कड्यातून येणारा कवडसा समोरच्या बाजूला म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर पडतो, आपल्या डाव्या हाताला. दिवस चढेल तसा तो उत्तरेकडून सरकत संध्याकाळी पूर्वेच्या भिंतीवर जातो, आपल्या उजवीकडे. गेरमध्ये राहणारे लोक या कवडशावरून वेळ सांगतात. मार्चच्या फोटोत तो डावीकडे, म्हणजे सकाळ. जुलैच्या फोटोत उजवीकडे, म्हणजे एक तर दुपार उलटून गेलेली, नाहीतर मग दार दक्षिणेला नाहीच, पूर्वेच्या बाजूला वळलेलं आहे आणि तीही सकाळच आहे. कवडसा भिंतीच्या पायाशी होता, जुलैतल्या भर दुपारी तो चुलीजवळ जमिनीवर असता, तेव्हा भर दुपार तर नक्की नाही.

फाइलच्या माहितीत वेळ बघितली. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मी काकांना म्हटलं, बघा, म्हणजे दार पूर्वेकडे आहे. काका म्हणाले, "कॅमेऱ्याचं घड्याळ त्याने तिकडे गेल्यावर बदललं होतं का?"

फोटोग्राफरला मेसेज टाकलाय. अजून उत्तर आलेलं नाही. आजीच्या पुढ्यातल्या वाटीतून वाफ निघतेय, चहा कुठला, सकाळचा की संध्याकाळचा, तेवढंच राहिलंय.